सगळं बंद, तरी तीन दशांश अँपिअर

मामांच्या मळ्यावरच्या खोलीपर्यंत विजेची तार अजून पोचलेली नाही. छपरावर एक सोलर पॅनेल, कोपऱ्यात 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची बॅटरी आणि तिच्यावर चालणारा संसार एवढाच: 30 वॅटचा एक पंखा, 6 वॅटचे चार दिवे आणि टाकीत पाणी चढवणारा 60 वॅटचा छोटा पंप. शिवाय गोठ्यात रात्रभर एक बारका दिवा जळतो. तो सव्वा वॅटचा, म्हणजे जेमतेम एक दशांश अँपिअर घेणारा.

बॅटरीतून नेमकं किती जातंय हे मामांना भिंतीवर आकड्यात दिसायला हवं होतं. मी उत्साहानं मीटर बांधून दिला. 10 मिलिओहमचा शंट, हाताशी होता म्हणून एलएम358 हा स्वस्त अँप्लिफायर, आर्डुइनो आणि छोटा डिस्प्ले. पंप लावला की आकडा चढायचा, बंद केला की उतरायचा. मी खुशीत घरी परतलो. आठवड्याभरात फोन आला.

"अरे, सगळं बंद केलंय. गोठ्यातला दिवासुद्धा काढला. तरी मीटर तीन दशांश दाखवतोय. हे जातंय कुठं?"

तीन दशांश अँपिअर चोवीस तास गेला तर दिवसाला सव्वासात अँपिअर-तास होतात. इतक्या बॅटरीला ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आम्ही दोन दिवस वायरिंग तपासलं, एक जुनी केबल बदलली, दोन स्विच उघडून पाहिले. शेवटी मी वैतागून बॅटरीकडून घराकडे जाणारी तारच सोडवली. आता शंटमधून एक कणही प्रवाह जाणं शक्य नव्हतं. डिस्प्लेवर आकडा तसाच: 0.30.

म्हणजे गळती घरात नव्हती, माझ्या मीटरमध्ये होती.

पाटातली फळी

विजेचा प्रवाह मोजण्याची ही पद्धत पाटाचं पाणी मोजण्यासारखी आहे. पाटात खाच पाडलेली फळी आडवी बसवली की पाणी तिच्यामागे थोडं तुंबतं आणि खाचेतून पुढे पडतं. फळीमागची पाण्याची उंची पट्टीवर वाचली की किती पाणी वाहतंय ते कळतं. वाहतं पाणी थेट मोजता येत नाही, म्हणून त्याला थोडासा अडथळा करायचा आणि अडथळ्यामुळे चढलेली उंची मोजायची.

शंट म्हणजे वाटेतली अशीच फळी. अगदी लहान पण नेमका ठाऊक असलेला रेझिस्टर प्रवाहाच्या वाटेत बसवतात. त्यातून प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांमध्ये विजेच्या दाबाचा किंचित फरक पडतो. हा फरक प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका असतो: 10 मिलिओहममधून 10 अँपिअर गेले तर 100 मिलिव्होल्ट. हे मिलिव्होल्ट अँप्लिफायरनं वाढवायचे आणि आर्डुइनोसारख्या यंत्रानं त्यांचा आकडा करायचा.

नेहमीच्या मल्टिमीटरमध्येही हेच असतं. 10 अँपिअरच्या खाचेमागे मीटर उघडून पाहिलं तर वाकवलेली एक जाड तार दिसते. तीच शंट. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर दोन पितळी ठोकळ्यांमध्ये पट्ट्या जोडलेले मोठे शंटही मिळतात. त्यांच्यावर '100 अँपिअर, 75 मिलिव्होल्ट' असं कोरलेलं असतं. त्या पट्ट्या बहुधा मँगॅनिनच्या असतात. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल यांचा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी 1892 मध्ये तयार केला. त्याचं वैशिष्ट्य हे, की तापल्यावर त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही. तांब्याचा रोध मात्र दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. तांब्याच्या तारेचा तुकडा शंट म्हणून वापरला आणि तो 50 अंशांनी तापला, तर आकडा जवळपास 20 टक्के फुगतो. म्हणून 'तार ती तारच' असं म्हणून चालत नाही.

फळी किती उंच?

आता मुख्य प्रश्न: रोध किती घ्यायचा?

फळी उंच असेल तर पाणी चांगलं तुंबतं आणि उंची वाचायला सोपी जाते, पण पाटाचं पाणी अडतं. शंटचंही तसंच. मी 100 मिलिओहमचा शंट घेतला असता, तर पंप, पंखा, दिवे सगळं चालू असताना, म्हणजे सुमारे 10 अँपिअरला, एक अख्खा व्होल्ट शंटवरच खर्च झाला असता. बॅटरीचे 12 व्होल्ट पंपापाशी 11 होऊन पोचले असते. शिवाय शंटमध्ये 10 वॅटची उष्णता झाली असती. हाताला चटका देणारा सोल्डरिंग गनसुद्धा 25 वॅटचा असतो, यावरून अंदाज करा.

उष्णतेचं गणित जरा फसवं आहे, कारण ती प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. त्यामुळे एरवी थंड असलेला शंट पंप चालू होताच तापतो. उलट, रोध दहापट कमी केला की त्याच प्रवाहाला उष्णताही दहापट कमी होते. 10 मिलिओहमला 1 वॅट आणि 1 मिलिओहमला फक्त दशांश वॅट.

मग शंट जितका लहान तितका चांगला असंच म्हणायचं का? इथेच माझी चूक लपलेली होती.

अँप्लिफायरचा स्वतःचा आवाज

कुठलाही अँप्लिफायर पूर्ण निष्पक्ष नसतो. दोन्ही पाय एकाच दाबावर असले, फरक शून्य असला, तरी त्याला वाटतं की थोडासा फरक आहे. या समजुतीला ऑफसेट म्हणतात. रिकामा तराजू थोडा एका बाजूला झुकलेला असावा, तसा. एलएम358 मध्ये हा झुकाव सहसा दोन-तीन मिलिव्होल्ट असतो आणि काही नगांत सातपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्या कामांत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण शंटवर आपण मोजतोच मुळात मिलिव्होल्ट.

माझ्या नगाचा झुकाव 3 मिलिव्होल्ट निघाला. 10 मिलिओहमच्या शंटवर 3 मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर 0.3 अँपिअर. मामांच्या घरात दोन दिवस आम्ही शोधत होतो ते भूत हेच. हाच अँप्लिफायर 1 मिलिओहमच्या शंटवर लावला असता तर भूत 3 अँपिअरचं झालं असतं, म्हणजे पंखा कायम चालू असल्यापेक्षा जास्त.

या गणितातून शंटची निवड कशी करायची ते स्पष्ट होतं. रोध लहान करत जाण्याला खालून एक मर्यादा आहे, आणि ती अँप्लिफायरच्या ऑफसेटनं ठरते. ज्या सर्वांत लहान प्रवाहावर आपल्याला विश्वास ठेवायचा आहे, त्या प्रवाहानं शंटवर पडणारा दाब ऑफसेटपेक्षा बऱ्यापैकी मोठा हवा. रोध मोठा करण्याला वरून मर्यादा आहे ती उष्णतेची आणि वाया जाणाऱ्या दाबाची, आणि ती सर्वांत मोठ्या प्रवाहानं ठरते. शंट या दोन भिंतींच्या मध्ये बसवायचा असतो. पहिल्यांदा मी फक्त वरची भिंत पाहिली होती.

पितळी शंटवर 75 मिलिव्होल्ट का कोरलेले असतात, तेही यातूनच समजतं. ते शंट काट्याच्या मीटरसाठी बनले. मध्ये अँप्लिफायर नव्हता, काटा हलवायलाच तितका दाब लागायचा. म्हणून 100 अँपिअरच्या शंटमध्ये पूर्ण प्रवाहाला साडेसात वॅट जाळण्यावाचून इलाज नव्हता. अँप्लिफायर चांगला मिळाला की ही सक्ती उरत नाही.

पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्या खेपेला मी कागद घेऊन बसलो. सर्वांत मोठा प्रवाह 10 अँपिअर, सर्वांत लहान गोठ्यातल्या दिव्याचा 0.1. म्हणजे शंभरास एक असं प्रमाण.

अँप्लिफायर निवडला आयएनए240. तो खास शंटसाठीच बनवलेला आहे. त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त 25 मायक्रोव्होल्ट, म्हणजे माझ्या जुन्या नगाच्या एकशेविसाव्या भागाइतका. तो 20, 50, 100 आणि 200 पट अशा ठरलेल्या वाढींमध्ये मिळतो. मी 100 पटीचा घेतला.

आता शंट. 1 मिलिओहम घेतला तर 25 मायक्रोव्होल्टचा झुकाव 25 मिलिअँपिअर दाखवेल. गोठ्यातल्या दिव्याच्या 100 मिलिअँपिअरमध्ये ही चूक पाव हिश्श्याची, म्हणून तो बाद. 10 मिलिओहमला चूक अडीच मिलिअँपिअरवर येते, पण 10 अँपिअरला शंभर पट वाढलेला दाब 10 व्होल्ट व्हायला हवा, आणि अँप्लिफायर तर 5 व्होल्टवर चालतो. अर्ध्यातच त्याचं डोकं छताला लागेल. 5 मिलिओहमला बरोबर 5 व्होल्ट होतात, पण अँप्लिफायरचा आकडा छताच्या थोडा खालीच थांबतो, तेव्हा शेवटचा अर्धा अँपिअर हातचा जातो. 4 मिलिओहमला 10 अँपिअरचे 4 व्होल्ट होतात आणि 12 अँपिअरपर्यंत जागा उरते.

4 मिलिओहमचा हिशेब असा: पूर्ण प्रवाहाला शंटवर 40 मिलिव्होल्ट आणि 0.4 वॅट. घराला जाणाऱ्या 120 वॅटमध्ये हे एक तृतीयांश टक्काच. संध्याकाळी पंप बंद असताना, 2 अँपिअरला, उष्णता फक्त 16 मिलिवॅट. ऑफसेटची चूक जास्तीत जास्त सहा-सव्वासहा मिलिअँपिअर.

मग शंट अर्ध्या वॅटचा घ्यायचा का? नाही. नेहमीचा प्रवाह पाहून शंटचे वॅट ठरवले तर तो पंप अडकल्या दिवशी जळतो. वाटेत 15 अँपिअरचा फ्यूज आहे. फ्यूज उडण्याआधी 15 अँपिअर बराच वेळ वाहू शकतात, आणि तेव्हा शंटमध्ये 0.9 वॅट होतात. शिवाय पंप सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो. म्हणून 3 वॅटचा, धातूच्या पट्टीचा शंट घेतला. निम्म्याहून कमी भारावर तो थंड राहतो, आणि थंड राहिला की त्याचा रोधही जागेवर राहतो. शंटचे वॅट फ्यूज पाहून ठरवायचे, दिवे मोजून नाही.

एक कमकुवत दुवा मात्र उरला. आर्डुइनो ऊनोमधला मोजणारा भाग 5 व्होल्टचे 1024 भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची. शंभर पटीच्या वाढीनंतर आणि 4 मिलिओहमवर ही पायरी 12 मिलिअँपिअरची होते, आणि वाचन एखाद-दुसरी पायरी इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे. म्हणजे लहान प्रवाहाला आता मोठी चूक ऑफसेटची नव्हे, पायरीची आहे. तिला उपाय म्हणून शंट मोठा करणं ही पहिल्यासारखीच घाई झाली असती. चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त करायची: अनेक वाचनांची सरासरी घ्यायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जास्त बारीक पायऱ्यांचा वेगळा मोजक लावायचा. मामांना सरासरी पुरेशी होती.

वाटेच्या कोणत्या बाजूला?

शंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे लावायचा की धन टोकाकडे? ऋण बाजूला सोपं जातं, कारण तिथले दोन्ही पाय जमिनीच्या दाबाजवळच असतात आणि साधा अँप्लिफायरही चालतो. पहिला मीटर मी तसाच केला होता. अडचण येते ती दुसऱ्या वाटेची. उद्या कुणी पंपाची ऋण तार थेट बॅटरीला नेऊन जोडली, किंवा लोखंडी सांगाड्यातून प्रवाहाला परतीची वाट मिळाली, की तेवढा प्रवाह शंटला वळसा घालून जातो. मीटर कमी दाखवतो आणि कुणाला संशयही येत नाही.

धन बाजूला शंट ठेवला की अशी चोरवाट मिळत नाही. पण तिथे दोन्ही पाय 12 व्होल्टवर असतात, आणि त्या 12 व्होल्टमधला काही मिलिव्होल्टचा फरक वाचायचा असतो. हे काम साध्या अँप्लिफायरभोवती चार रेझिस्टर लावून करता येतं, असं पुस्तकात दिलेलं असतं. कागदावर ते बरोबरही आहे. पण रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे असले आणि चारही चुका नेमक्या एकमेकींना पूरक पडल्या, तर शंभर पट वाढीच्या जोडणीत 12 व्होल्टपैकी पावणेपाच मिलिव्होल्टचा अंश फरक म्हणून आत घुसतो. 4 मिलिओहमवर ते होतात सुमारे 1.2 अँपिअर. आणि बॅटरी भरताना दाब 14 व्होल्टच्या वर गेला की हे भूतही वाढतं. आयएनए240 सारख्या चिपमध्ये हे रेझिस्टर आतच, एकमेकांशी काटेकोर जुळवलेले असतात आणि पायांवर 80 व्होल्टपर्यंतचा दाब चालतो. म्हणून दुसरा मीटर मी निश्चिंतपणे धन बाजूला लावला.

एक सेंटिमीटर तांबं

एवढं करूनही पहिल्या चाचणीत आकडा जुळला नाही. पंखा आणि दिवे लावून मल्टिमीटर 4.5 दाखवत होता आणि माझा मीटर 5.6. दहा मिनिटांनी तो आणखी थोडा चढला. सगळं बंद केल्यावर मात्र शून्य अगदी चोख.

या वर्तनातच निदान होतं. ऑफसेटची चूक प्रत्येक प्रवाहाला अँपिअरमध्ये सारखीच असते. प्रवाह शून्य असला तरी ती दिसते. इथे शून्याला चूक नव्हती आणि प्रवाहाच्या प्रमाणात ती वाढत होती, जणू शंट 4 नव्हे, 5 मिलिओहमचा आहे. आणि तापल्यावर वाढत होती, म्हणजे त्या जादा मिलिओहमचा धातू तांबं असणार.

बोर्ड उलटा केला तेव्हा चूक सापडली. अँप्लिफायरच्या बारीक तारा मी शंटच्या पायाशी न जोडता सोयीसाठी मुख्य पट्टीच्या टोकाला जोडल्या होत्या. त्यामुळे मोजमापात शंटबरोबर तांब्याची एक सेंटिमीटर पट्टीही आली. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर 35 मायक्रॉन जाड असतो आणि त्याच्या प्रत्येक चौकोनाचा रोध जवळपास अर्धा मिलिओहम असतो. 5 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे दोन चौकोन, एक मिलिओहम. चारात एक मिळवला की पाच.

म्हणून शंटला चार जोडण्या लागतात. दोन जाड, प्रवाह वाहून नेणाऱ्या, आणि दोन बारीक, फक्त दाब वाचणाऱ्या. बारीक तारांतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून त्यांच्या स्वतःच्या रोधानं काही बिघडत नाही. पण त्या शंटच्या धातूला अगदी लगटून, आतल्या बाजूनं जोडलेल्या हव्यात. पितळी शंटवर म्हणूनच मोठ्या बोल्टांव्यतिरिक्त दोन छोटे स्क्रू असतात. मोठा शंट वापरताना अशी चूक खपून जाते. 100 मिलिओहमला एक मिलिओहम म्हणजे एक टक्का. शंट लहान करत गेलं की डाग कुठे दिला यालाही किंमत येते.

मी दोन्ही बारीक तारा शंटच्या पायांशी नव्यानं डागल्या. मीटर 4.5 वर आला आणि दहा मिनिटांनीही तिथेच राहिला. आता मोठ्या प्रवाहाला राहिलेली चूक शंटच्याच अचूकतेची, एक टक्क्याची. ती काढायची तर माहीत असलेल्या प्रवाहाला आकडा जुळवून प्रोग्रॅममधला गुणक बदलला की झालं.

त्या रात्री मीटर भिंतीवर बसवला. मामांनी पंप बंद केला, पंखा बंद केला, दिवे मालवले. गोठ्यातला दिवा तेवढा राहिला. आकडा 0.10. मग ते गोठ्यात जाऊन तोही बंद करून आले आणि अंधारात डिस्प्लेपाशी वाकून उभे राहिले. 0.00 होता, मग क्षणभर 0.01 झाला, पुन्हा 0.00.

"हा एक कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तो मीटरचा," मी म्हणालो. "घरातला नाही. केबल नका बदलू."